राजीनामा देण्याआधी लाडवांचा हिशोब

राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलायस असं काल फोनवर म्हणालीस ना, तो तिथेच असू दे. पुसू नकोस आणि इतक्यात पाठवूही नकोस. अकरा वर्षं एका कंपनीच्या एचआरमध्ये काढलीस, घर सांभाळलंस, आणि शनिवार-रविवारी लाडू वळून सोसायटीत नाव कमावलंस. तुला जमेल का, हा माझ्या मनात प्रश्नच नाही गं. प्रश्न एवढाच आहे की कधी, आणि त्याचं उत्तर मनाला विचारायचं नसतं, वहीला विचारायचं असतं. तेव्हा चहा घे, वही घे आणि बस जरा माझ्यासमोर.

आधी मला सांग, तुझे लाडू घेतं कोण? तू म्हणालीस, सगळ्यांना आवडतात. बघ, आवडणं वेगळं आणि विकलं जाणं वेगळं. गेल्या तीन महिन्यांतल्या ऑर्डरी काढ आणि प्रत्येक नावापुढे खूण कर: नात्यातली, ऑफिसातली, सोसायटीतली आणि अजिबात ओळख नसलेली. आपली माणसं कौतुकाने घेतात, आणि त्यात गैर काही नाही, पण त्यांच्या जिवावर पगार सोडायचा नसतो. चौथ्या रकान्यातली माणसं मोजायची. कुणाच्या घरी खाल्ला, नंबर मागून घेतला, पहिला डबा संपला आणि तू आठवण करून न देता दुसरा मागवला, असं गिऱ्हाईक ही तयारीची पहिली खूण. अशी दोन-चारच असतील तर अजून थांब. दर महिन्याला नवी येत असतील आणि जुनी टिकत असतील, तर पुढचं वाच.

आता बेसनाच्या लाडवांचा हिशोब मांडू. भाव मी अंदाजाने धरते, तू तुझ्या दुकानातले घाल. एका घाण्याला तू १ किलो जाड बेसन, ६०० ग्रॅम तूप आणि ८०० ग्रॅम पिठीसाखर घेतेस, म्हणजे साधारण २ किलो ४०० ग्रॅम लाडू, चाळीस ग्रॅमचा एक धरला तर साठ नग. बेसन, तूप, साखर, वेलदोडे, काजू, बेदाणे मिळून किलोमागे २४० रुपये पडतात असं धरू. डबा आणि लेबल २०, गॅस १५. झाले २७५. तू विकतेस ५६० ला. म्हणजे किलोमागे २८५ रुपये सुटतात, आणि इथेच तू खूश होऊन वही मिटतेस.

मिटू नकोस. तुझा वेळ कुठे आहे यात? बेसन मंद आचेवर भाजायला पाऊण तास, मग ते निवायची वाट बघणं, मळणं, साठ लाडू वळणं, डबे भरणं, भांडी घासणं, आणि मध्येमध्ये फोनवर ‘उद्या मिळतील का’चं उत्तर देणं. सगळं मिळून चार तास जातात. एका घाण्यावर सुटले ६८४ रुपये, भागिले चार, म्हणजे तासाला १७१. तुझ्या हातात पगार येतो ४५ हजार. ऑफिसचे आणि लोकलच्या प्रवासाचे मिळून महिन्याला २०० तास धर, तर नोकरी तुला तासाला २२५ देते. खरं सांगू का, आज तू नोकरी सोडून हेच, असंच करत बसलीस, तर स्वतःचा पगार स्वतःच कापून घेशील.

घाबरू नकोस, कारण याच हिशोबात पुढची वाटही आहे. तू एकदम तीन घाणे केलेस तर वेळ तिप्पट लागत नाही. एक घाणा निवत असतो तेव्हा दुसरा कढईत असतो, भांडी एकदाच घासायची, डबे एकदाच भरायचे. बारा तासांचं काम साधारण आठ तासांत उरकतं. तेव्हा ७ किलो २०० ग्रॅम लाडवांवर २,०५२ रुपये सुटतात आणि तासाला २५६ पडतात. म्हणजे तुझा धंदा लाडवांवर उभा नाही, एका बैठकीत किती घाणे निघतात यावर उभा आहे. मंगळवारी एकीला अर्धा किलो आणि गुरुवारी दुसरीला पाव किलो, हे प्रेमाने करतेस ते आता बंद. ऑर्डर कधीही घ्यायची, पण लाडू आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच करायचे. लोक थांबतात गं, नीट सांगितलं की थांबतात.

आता महिन्याचं बघ. घराच्या हप्त्यात आणि किराण्यात तुझा वाटा ३० हजार आहे, तो थांबवता येणार नाही. मदतीला अर्धवेळ बाई, गॅसचे जादा पैसे, फोन, रिक्षा, कधी खराब गेलेला माल, असा धंद्याचा ठरलेला खर्च १२ हजार धरू. झाले ४२ हजार. किलोमागे २८५ सुटत असतील तर महिन्याला १४७ किलो लाडू विकले गेले पाहिजेत, म्हणजे आठवड्याला जवळजवळ ३७ किलो. तू आत्ता साध्या महिन्यात २२ किलो विकतेस. हे अंतर डोळे उघडे ठेवून बघायचं. सहासात पटीने वाढायचं आहे, आणि त्यासाठी सोसायटीतल्या मावश्या पुरणार नाहीत.

दुकानांत ठेवू असं तुझ्या मनात येईल. ठेव, पण दुकानदार त्याचं कमिशन घेणार. वीस टक्के धर, म्हणजे ५६० मधले ११२ त्याचे. तुझ्याकडे २८५ च्या जागी १७३ उरले, आणि तोच ४२ हजारांचा आकडा गाठायला २४३ किलो लागले. उलट तू भाव ६४० केलास आणि थेट गिऱ्हाइकालाच विकलंस, तर ११५ किलोत काम होतं. भाव वाढवताना तुझा जीव खालीवर होतो, मला ठाऊक आहे. पण ज्यांना तुझी चव हवी आहे ती माणसं ऐंशी रुपयांसाठी जात नाहीत. जी जातात ती मुळात स्वस्ताईसाठी आली होती, त्यांना जाऊ दे. माझं स्पष्ट मत आहे, नोकरी चालू असतानाच भाव वाढव. पगार येत असताना दहा गिऱ्हाइकं तुटली तर झोप उडत नाही, आणि किती राहतात ते आत्ताच कळतं.

दिवाळीत ११० किलो गेले, हे तू मला तीनदा सांगितलंस. छानच झालं. पण बघ, दिवाळीच्या आकड्यावर कुणीही राजीनामा देऊ नये. तेव्हा तर रस्त्याच्या कडेला टेबल मांडणाऱ्याचाही फराळ खपतो. तुझी परीक्षा संक्रांत आटोपल्यावर सुरू होते. हिवाळ्याचे डिंकाचे आणि मेथीचे लाडू संपले, तिळगूळ संपला, आंबे यायला लागले की लाडवाला कोण विचारतं? मार्च ते जूनचे आकडे लिहून ठेव. त्या दिवसांत लग्नाचं रुखवत, डोहाळजेवण आणि बारशाच्या ऑर्डरी कुठून मिळवता येतात ते बघ. एका मंगल कार्यालयाशी किंवा रुखवत सजवून देणाऱ्या बाईशी ओळख झाली तरी उन्हाळा बराच निभतो. हा पडता काळ तू नोकरीत राहून एकदा पूर्ण बघितलास आणि त्यातही आठवड्याला २५ किलो गेले, तर मी स्वतः तुला तो मेल पाठवायला सांगेन.

आता तुला काय येत नाही, त्याबद्दल. रागावू नकोस. लाडू तुला उत्तम येतात, पण घरचा लाडू आणि विकायचा लाडू यात फरक असतो. बेसन रवाळ व्हावं म्हणून तू भाजताना शेवटी दुधाचा हबका मारतेस. घरी खायला सुरेख. पण त्या दुधाने ओलावा राहतो आणि लाडू लवकर खराब होतो. विकायच्या मालात दूध नको, पाणी नको. रवाळपणा जाड दळलेल्या बेसनातून आणि धीराने भाजण्यातून आणायचा. भाजलेलं बेसन पुरतं कोमट झाल्याशिवाय साखर घालायची नाही, नाहीतर मिश्रण सैल पडतं आणि डब्यात लाडू बसतात.

मग टिकण्याची चाचणी. एका घाण्यातले सहा छोटे डबे बाजूला काढ, त्यावर तारीख घाल आणि गिऱ्हाइकाच्या घरी असतात तसेच ओट्याजवळच्या कपाटात ठेव, फ्रिजमध्ये नको. दर आठवड्याला एक उघड. आधी वास घे, मग लाडू फोडून आतला वास घे, कारण खवटपणा आधी नाकाला कळतो. ज्या आठवड्यात थोडी जरी शंका आली, त्याच्या दोन आठवडे आधीची मुदत लेबलवर लिहायची. ही चाचणी थंडीत एकदा आणि जुलैच्या पावसात एकदा अशी दोनदा कर, दोन्हीचं उत्तर एक येणार नाही. लेबलवर घटक, वजन, पॅक केल्याची तारीख, मुदत, किंमत, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, तुझं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक लागतो. घरच्या स्वयंपाकघरातून विकत असलीस तरी ती नोंदणी हवीच. आणि घरगुती लाल सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. गॅसचे जादा पैसे मी धरले ते त्यासाठीच.

दुसरी उणीव जास्त अवघड आहे, पैसे मागणं. अकरा वर्षं तुझा पगार न मागता खात्यात आला. लोकांचे पगार वेळेवर होतात की नाही हे तू बघितलंस, पण स्वतःच्या कामाचे पैसे तोंडाने मागायची वेळ तुझ्यावर आली नाही. म्हणून समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडे दिवाळीचे पैसे अजून अडकलेत आणि तू जिन्यात त्यांना बघून हसून पुढे जातेस. हे बोलून बोलूनच सुटतं. नियम असा ठेव: अर्धे पैसे ऑर्डरीबरोबर, उरलेले डबा हातात देताना, मावशी असो की मॅनेजर. वाक्य पाठ कर, ‘अर्धे पैसे आले की तुमचं नाव यादीत चढवते.’ पुढे काही बोलायचं नाही, माफी तर मुळीच मागायची नाही. धंद्याचं बँक खातं वेगळं काढ आणि त्यातून भाजी आणू नकोस, नाहीतर कमावलं किती हे तुलाच कळणार नाही.

कंपन्यांच्या भेटवस्तूंची ऑर्डर मिळाली तर तिथे मात्र आगाऊ पैसे मिळतीलच असं नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी आधीच करून ठेव. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि फुकट असते, पैसे मागणाऱ्या एजंटाला हात जोड. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की घेणाऱ्या कंपनीने मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. पण लक्षात ठेव, ते ४५ दिवस तुझं तूप आणि काजू तुझ्याच पैशांचे असतात. पन्नास किलोची ऑर्डर आली तर २७५ च्या हिशोबाने जवळजवळ १४ हजार रुपये आधी तुझे गुंततात. तेवढे हाताशी नसतील तर नाही म्हण. मोठी ऑर्डर नाकारण्यात कमीपणा नाही गं.

आता पडलो तर काय, ते बोलू. तू हा विषय टाळतेस, जणू नाव घेतलं की तसंच होईल. तसं काही होत नाही. परतीची वाट बांधून ठेवली की उलट हात थरथरत नाहीत.

नोकरीत असतानाच तीन गोष्टी उरकायच्या. पहिली आरोग्य विम्याची. ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. तुझा थायरॉईड आहे, यजमानांचं बीपी आहे, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी आत्ताच काढ, म्हणजे ते दिवस नोकरीतच मोजायला सुरुवात होईल. ऑफिसच्या पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हेही निघण्याआधी विचार. दुसरी कर्जाची. पगाराची स्लिप गेली की बँक तुला ओळख दाखवत नाही, धंद्याची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. घरासाठी काही घ्यायचं ठरलेलंच असेल तर ते आधी. धंद्यासाठी मात्र पहिल्या वर्षी कर्ज नकोच, तुला कढई आणि वजनकाटा घ्यायचाय, कारखाना नाही. तिसरी तुझं नेमणूकपत्र. नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करू नये असं कलम त्यात आहे का बघ. तू एचआरमधली, ते कुठे शोधायचं हे मी तुला काय सांगणार? असेल तर साहेबांना विचारून लेखी परवानगी घे. लपवून करू नकोस, कारण उद्या परतायचं झालं तर याच लोकांचा शब्द कामाला येणार आहे.

पैशांचं असं कर. घरातला तुझा वाटा ३० हजार, तर सहा महिन्यांचे १ लाख ८० हजार वेगळे, मुदत ठेवीत, धंद्याचा हात लागणार नाही असे. तुझी ग्रॅच्युइटी बघू या. पाच वर्षं सलग झाली की ती हक्काची. मूळ पगार २६ हजार धरला तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, झाले १५ हजार, आणि त्याला अकरा वर्षांनी गुणायचं, १ लाख ६५ हजार. ती तीस दिवसांत द्यावी असा नियम आहे, तरी ती हातात येईपर्यंत खर्चात धरू नकोस. आली की त्या ठेवीत घाल, म्हणजे बाकीचे १५ हजारच तुला जमवायचे राहतात. आणि पीएफला हात लावायचा नाही. पाच वर्षांवर नोकरी झाली की काढताना कर लागत नाही, म्हणून मोह होतो. पण तो पैसा तुझ्या म्हातारपणाचा आहे, त्यातून काजू विकत घ्यायचे नाहीत.

मग एक कागद घे आणि त्यावर दोन गोष्टी लिही, एक आकडा आणि एक तारीख. समजा जुलैत नोकरी सोडलीस, तर पुढच्या वर्षीचा ३० एप्रिल. गणपती, दिवाळी, हिवाळा, संक्रांत सगळं हातून गेलेलं असेल आणि दोन पडते महिनेही बघून झालेले असतील. आकडा असा: सगळा खर्च जाऊन घरात महिन्याला सरासरी किती यायला हवेत. तीस हजारच लिहू नकोस, पहिल्या वर्षाला वीस पुरेत, वरचे दहा ठेवीतून. त्या तारखेला सरासरी वीसच्या खाली असेल, किंवा त्याआधीच ठेवीत ६० हजारच उरले असतील, तर नोकरी शोधायला लागायचं. ६० हजार म्हणजे दोन महिन्यांचा वाटा, शोधायला तेवढा वेळ हवाच. ‘अजून एक गणपती बघू या’ म्हणायचं नाही. तो कागद यजमानांना दाखव आणि त्यांची सही घे. नंतर घरात ‘मी सांगत होतो’ची वाक्यं निघत नाहीत, कारण जे ठरलं ते दोघांनी ठरवलेलं असतं.

नोकरीचं दारही उघडं ठेवायचं. निघताना काम नीट सोपव, जुन्या सहकाऱ्यांशी बोलणं ठेव, कामगार कायद्यांतले बदल वाचत राहा. तुझ्याकडे तर एक मधला मार्गही आहे. लहान कारखान्यांना पगारपत्रक आणि पीएफचं काम करून देणारं माणूस हवं असतं, पूर्णवेळ नव्हे, महिन्यातून चार-सहा दिवस. दोन कारखाने मिळाले तर उन्हाळ्यातली पडती बाजू तिथून भरून निघेल. हे धंद्यातलं अपयश समजू नकोस. माझ्या मते पहिली दोन वर्षं तू हेच करावंस.

तुझ्या सगळ्या काळज्या मी ऐकल्या गं. मुलीची दहावी, सासूबाई काय म्हणतील, लोक हसतील. दहावीच्या वर्षी सोडू नकोस, निकाल लागला की सोड. सासूबाईंना लाडू वळायला बसव, त्यांचा हात तुझ्यापेक्षा जलद आहे, आणि त्यांना तासाचे पैसे दे, खरोखरचे, हातात. लोकांचं राहू दे.

या रविवारी फक्त एवढंच कर. तीन घाणे एकदम घे, बेसन कढईत पडल्यापासून शेवटचा डबा बंद होईपर्यंत घड्याळ बघून वेळ लिही, आणि काकूंकडे जाऊन दिवाळीचे पैसे मागून ये. दोन्ही आकडे मला सोमवारी कळव.